आजीची मीठमिरची

«आई, आजी रोज बायबल वाचते, मग बाळाची दृष्ट का काढते? आणि मुंजा खरंच असतो का गं? मला रात्री मोरीत जायची भीती वाटते.»

प्रिय सानू,

सलाम. मेलबर्नला थंडी आहे, तिकडे नेवाशात तू मजेत असशील.

बाळ रडायचं थांबेना, दूध ओढेना, म्हणून आजीने मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या त्याच्यावरून ओवाळल्या, ‘आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची’ म्हणाली आणि सगळं चुलीत टाकलं. ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती, असं सगळ्यांनी ठरवलं. खरं तर चूल चांगली पेटलेली असली की मिरची भसकन जळते आणि धूर वर निघून जातो. विस्तव मंद असला तर मिरची धुमसते आणि अख्खं घर खोकतं. मीठ तडतडतं ते त्यात अडकलेल्या पाण्याच्या वाफेने. दृष्टीचा यात कुठेच संबंध नाही. दुसऱ्या दिवशी मावशीने बाळाला डॉक्टरकडे नेलं, तेव्हा त्याचा कान आतून लाल झालेला निघाला. कान दुखत असला की दूध ओढताना कळ येते, म्हणून बाळ तोंड फिरवत होतं.

पण यावरून आजीला वेडी म्हणू नकोस. तिच्या लहानपणी गावात डॉक्टर नव्हता, भगत होता. तिची आई प्रभूकडे वळली, पण हातांची सवय काही लगेच गेली नाही. आणि हे फक्त आपल्याच गावात झालं असं नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा 19वा अध्याय काढ. इफिस हे जादूटोण्यासाठी गाजलेलं शहर. तिथले पुष्कळ लोक विश्वास ठेवल्यावरसुद्धा मंत्रांची पुस्तकं घरात बाळगून होते. पुढे त्यांनी आपणहून येऊन ते कबूल केलं आणि पुस्तकं सगळ्यांसमोर जाळली. किंमत केली तेव्हा ती 50,000 चांदीची नाणी भरली. त्या काळी असं एक नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, आता तूच हिशोब कर. पौलाने कुणाच्या घरात शिरून पुस्तकं ओढून काढल्याचं तिथे लिहिलेलं नाही. म्हणून तूही आजीच्या हातातल्या मिरच्या हिसकावायच्या नाहीत.

त्याच अध्यायात याजकाच्या सात मुलांची गोष्ट आहे. भूत काढायला त्यांनी येशूचं नाव मंत्रासारखं वापरलं. आत्मा म्हणाला, येशूला मी ओळखतो, पौलही ठाऊक आहे, तुम्ही कोण? मग मार खाऊन, उघडेनागडे पळाले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्या मंडळीत काही जण लिंबूमिरची काढतात आणि त्याच जागी बाळाच्या उशीखाली बायबल ठेवतात. वस्तू बदलली, भीती तीच राहिली. बायबल उशीखाली ठेवायचं नाही, उघडून वाचायचं.

आता दृष्टीबद्दल. शास्त्रात वाईट नजर आहेच, पण ती कुठे आहे बघ. मत्तयाच्या 20व्या अध्यायात मळ्याचा धनी उशिरा आलेल्या मजुरांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात, तेव्हा तो विचारतो, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलतं का? बिघाड बघणाऱ्याच्या मनात आहे. ज्याच्याकडे बघितलं त्याला त्याने काही झालं, असं तिथे म्हटलेलं नाही. आणि नीतिसूत्रांच्या 26व्या अध्यायात म्हटलंय की विनाकारण दिलेला शाप भिरभिरणाऱ्या चिमणीसारखा असतो, तो येऊन बसत नाही. गल्लीतल्या ज्या म्हातारीची नजर वाईट म्हणून तिच्यापुढे बाळाला झाकतात ना, तिला तू जाऊन हाक मार. बिचारीशी कुणी बोलतच नाही.

आणि मुंजा? शास्त्र दुष्ट आत्मे नाहीत असं म्हणत नाही, म्हणून मीही तुला तसं सांगणार नाही. पण मेलेला मुलगा पिंपळावर बसून लोकांना झपाटतो, असं त्यात कुठेच नाही. शिष्यसुद्धा रात्री पाण्यावरून येणाऱ्या येशूला भूत समजून ओरडले होते, मोठे कोळी असून! तो त्यांच्यावर हसला नाही. मी आहे, भिऊ नका, एवढंच म्हणाला. मोरीत जाताना बॅटरी घेऊन जा. तिथे मुंजापेक्षा विंचवाची शक्यता जास्त आहे. विंचू चावलाच तर थेट दवाखाना गाठायचा. अशा वेळी उपचार अडवून मंत्रतंत्र करणं महाराष्ट्रात 2013च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मावशीला माहीत असलेलं बरं.

आजी पुन्हा मिरच्या काढेल तेव्हा तिला थांबवू नकोस. आधी 121वं स्तोत्र म्हणूया का, एवढंच विचार. तिला ते पाठ आहे, तुला नाही. आणि कानाचे थेंब सांगितलेत तितके दिवस पुरे करायचे, बाळ मध्येच हसायला लागलं तरी.

तुझी आई