नोकरी सांभाळून बाहेरची डिझाइनची कामं: खरा धोका कुठे असतो

प्रश्न: मी एका कंपनीत मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअर आहे. संध्याकाळी बाहेरची थ्रीडी मॉडेल आणि ड्रॉइंगची कामं घ्यायची इच्छा आहे, पण नोकरीला धक्का लागता कामा नये. काय काळजी घ्यावी?

मी स्वतः डिझाइनमध्ये आहे आणि नोकरी करत बाहेरची कामं घेतो, कंपनीला माहीत आहे, लेखी परवानगी आहे. बहुतेक लोकांना भीती वेळेची वाटते, की दमून जाईन, ऑफिसच्या कामावर परिणाम होईल. तो प्रश्न आहेच, पण माझ्या पाहण्यात नोकऱ्या अडचणीत आल्या त्या वेळेमुळे कमी आणि दोन कामांची सरमिसळ झाल्यामुळे जास्त. म्हणजे गिऱ्हाईक तेच, फाइल तीच, लायसन्स तेच.

आधी गिऱ्हाइकाचं बोलतो कारण तिथेच जास्त लोक फसतात. आपल्या ओळखीचे फॅब्रिकेटर, मशिन शॉपवाले कोण असतात? आपल्याच कंपनीचे व्हेंडर. ते म्हणतात साहेब तुमचं ड्रॉइंग छान असतं, आमचं एक फिक्स्चर करून द्या ना, पैसे देतो. काम अगदी सरळ असतं, तुम्ही रात्री जागून प्रामाणिकपणे करता, पण दुसऱ्या दिवशी त्याच व्हेंडरचा रिजेक्ट झालेला पार्ट चालवून घ्यायचा का, हे ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये तुम्ही बसलेले असता. मग तुम्ही कितीही निष्पक्ष निर्णय दिलात तरी त्या व्हेंडरकडून तुमच्या खात्यात आलेले पैसे बाहेरच्या माणसाला लाचेसारखेच दिसणार. म्हणून कंपनीचा व्हेंडर, कंपनीचं गिऱ्हाईक आणि कंपनीचा स्पर्धक या तिघांचं काम घ्यायचंच नाही, ओळखीखातर फुकटसुद्धा नाही.

आता नेमणूकपत्र काढा आणि नीट वाचा. त्यात सहसा तीन कलमं बघायची: दुसरं काम करण्यावर बंदी आहे का किंवा परवानगी लागते का, तुम्ही तयार केलेल्या डिझाइनवर मालकी कोणाची, आणि गोपनीयता. मालकीच्या कलमात "नोकरीच्या काळात केलेलं सगळं" असं लिहिलंय की "कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित" असं लिहिलंय हा फरक फार मोठा आहे. पहिलं असेल तर तुम्ही रविवारी घरी केलेल्या मॉडेलवरही कंपनी हक्क सांगू शकते, आणि मग जी गोष्ट तुमची आहे की नाही हेच नक्की नाही ती तुम्ही गिऱ्हाइकाला विकताय. तो हक्क कायद्यात किती टिकेल हे तुमच्याकडच्या नियमांवर अवलंबून, पण त्या वादात पडायची वेळच कशाला आणायची. एचआरला मेल करा, चार ओळी पुरतात: कोणत्या प्रकारचं काम, कोणत्या क्षेत्रातल्या लोकांसाठी, ऑफिसच्या वेळेबाहेर आणि स्वतःच्या साधनांवर, कंपनीचे व्हेंडर, गिऱ्हाईक, स्पर्धक यांचं घेणार नाही, आणि या कामावर कंपनीचा हक्क राहणार नाही हे कळवावं. तोंडी "हो रे कर" यावर विसंबू नका, साहेब बदलले की ते वाक्य गेलं. नाही म्हणाले तर हे काम या नोकरीत होणार नाही, लपून करण्यात अर्थ नाही.

साधनांचं म्हणाल तर ऑफिसचा लॅपटॉप वापरू नये हे सगळ्यांना कळतं, टेम्प्लेटचं मात्र कळत नाही. ऑफिसमधली ड्रॉइंग टेम्प्लेट किंवा नट-बोल्टची लायब्ररी पेनड्राइव्हवर घरी आणली आणि टायटल ब्लॉकमधला लोगो काढला की झालं असं वाटतं, पण फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनीच्या कस्टम प्रॉपर्टीज, पार्ट नंबरची पद्धत, `Author` मध्ये कोणाचं तरी नाव, हे सगळं तसंच राहतं आणि गिऱ्हाइकाकडे जातं. म्हणून टेम्प्लेट कोऱ्या फाइलपासून स्वतः बनवा, एक दिवस जाईल पण एकदाच. सॉफ्टवेअरचं लायसन्स स्वतःचं आणि कमर्शियल वापराचं घ्या. विद्यार्थ्यांच्या किंवा हौशी लायसन्सवर पैसे घेऊन काम करायला सहसा परवानगी नसते, आणि काही पॅकेजमध्ये तसा शिक्का फाइलवर किंवा प्रिंटवर उमटतो.

कोणतं काम घ्यायचं तर ज्यात घाई नसते ते. जुन्या कागदी ड्रॉइंगचं थ्रीडी मॉडेल करणं, तयार उत्पादनाचं व्यवस्थित ड्रॉइंग आणि बीओएम बनवणं, ही कामं नोकरदाराला सोयीची. शॉप फ्लोअरवर चालू असलेल्या जॉबला सपोर्ट देण्याचं काम टाळा, मशिन थांबलं की फोन सकाळी अकराला येणार आणि तेव्हा तुम्ही ऑफिसात. आणि प्रेशर व्हेसल, उचलायची साधनं, माणूस ज्यावर उभा राहील असं काहीही नको. ऑफिसात तुमच्या ड्रॉइंगमागे चेकर असतो, अप्रूव्ह करणारा असतो, कंपनी उभी असते. इथे काही तुटलं तर जबाबदारी एकट्या तुमच्यावर.

एक काम पूर्ण धरून बघू. बारा पार्टचं वेल्डिंग फिक्स्चर, कागदी स्केच आहेत, मॉडेल आणि ड्रॉइंग हवंय. सरासरी 45 मिनिटं धरून पार्ट मॉडेलिंगचे 9 तास, असेंब्ली 2, पार्ट ड्रॉइंग अर्ध्या तासाप्रमाणे 6, असेंब्ली ड्रॉइंग आणि बीओएम 2, आणि तपासणी 3, जी लोक नेहमी विसरतात. झाले 22 तास. आठवड्याचे दोन दिवस दीड-दीड तास आणि सुट्टीचे 4 म्हणजे 7 तास मिळतात, त्यामुळे हिशोबाने तीन आठवड्यांच्या थोडं वर जातं, पण सांगताना पाच सांगायचे, कारण ऑफिसात एखादा आठवडा रिलीजचा येतोच आणि तेव्हा बाहेरचं काम मागे पडलं पाहिजे, ऑफिसचं नाही.

दर काढताना पगार भागिले ऑफिसचे तास एवढ्यावर थांबू नका. वर्षात 40 आठवडे काम झालं तर 280 तास बसाल, पण कोटेशन, बोलणं, फुकटच्या दुरुस्त्या वगळून पैसे मिळणारे तास 200 धरा. म्हणजे इथेच दर 1.4 पट झाला, त्यात वर्षाच्या लायसन्सचा खर्च भागिले 200 मिळवा, टॅक्स वेगळा. हा आकडा गिऱ्हाइकाला जास्त वाटला तर ते गिऱ्हाईक सोडा, कमी दरात काम घेतलं की तास वाढवावे लागतात आणि ते तास झोपेतून येतात.

कोटेशनमध्ये शीट किती, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, अर्धे पैसे आधी, बाकीचे मिळेपर्यंत फक्त पीडीएफ आणि मूळ फाइल नंतर, प्रत्यक्ष मापं उत्पादनाआधी गिऱ्हाइकाने तपासायची, आणि उत्तर रात्री किंवा सुट्टीला मिळेल, हे सगळं लिहा. शेवटचं वाक्य वाचून जो म्हणतो "तसं चालेल हो, पण कधी अर्जंट असलं तर दिवसा फोन करू ना", त्याला तिथेच नम्रपणे नाही सांगा.

आणि कंपनीत तुमची जागा बदलली, समजा डिझाइनमधून व्हेंडर डेव्हलपमेंटला गेलात, किंवा कंपनीने नवं उत्पादन सुरू केलं, तर जुनी परवानगी धरून बसू नका. गिऱ्हाइकांची यादी पुन्हा तपासा आणि नवीन मेल टाका, कारण काल ज्याचा कंपनीशी संबंध नव्हता तो आज तुमच्यासमोर कोटेशन घेऊन बसलेला असू शकतो.