तारीख सोडली, पाणी धरलं

"वर्षभराचे व्हिडिओ फोनमध्ये पडून आहेत. जानेवारी ते डिसेंबर लावून बघितलं, घरचेच जांभया द्यायला लागले. तारखेऐवजी विषय धरून क्लिप कशा निवडायच्या?"

आमच्या घरी, बेळगावात, हाच प्रकार झाला होता. तारखेनं लावलं तर निम्मा व्हिडिओ गणपती आणि एका लग्नाचा, जून-जुलै जवळजवळ कोरे. आपण शूटिंगच तसं करतो की हो.

दुसऱ्या खेपेला मी "पाणी" हा विषय घेतला. "आनंद" किंवा "आठवणी" असले विषय घेऊ नका, त्यात कुठलीही क्लिप बसते, मग निवड होतच नाही. डोळ्यांना दिसणारी वस्तू हवी. गॅलरीच्या सर्चमध्ये waterfall टाकलं की गोकाकचा धबधबा येतो, पण नळाखाली भरत असलेली कळशी येत नाही. म्हणून एकदा सगळी गॅलरी हातानं खाली ओढत जायचं आणि पाणी दिसेल त्या क्लिपला फक्त फेव्हरिट करायचं. कापाकापी नंतर. माझ्या सत्तरेक निघाल्या. मग आवाज बंद करून प्रत्येकीतले कुठले तीन सेकंद बघण्याजोगे आहेत ते शोधलं. ज्यात असे तीन सेकंद सापडले नाहीत ती गेली, आजीची असली तरी. उरल्या अठ्ठावीस, म्हणजे जेमतेम दीड मिनिट.

क्रम लावला तो पाण्याच्या मापानं. आधी मे महिन्यातला कोरडा नळ, मग पन्हाळीतून गळणारा थेंब, भाचीची बादली, खानापूरकडच्या शेतात रोप लावणारे चिखलातले पाय, कपिलेश्वर तलावावरचं विसर्जन आणि शेवटी गोकाक. तारखा पार उलटसुलट झाल्या, पण कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाची बादली ओतते तिथं कापून लगेच कौलांवरून कोसळणारी पागोळी ठेवली. दोन्हीकडं पाणी वरून खाली जातंय, त्यामुळं जोड दिसत नाही. धबधब्याचा आवाज मात्र चित्राच्या एक सेकंद आधी, विसर्जनाच्या क्लिपवरच सुरू केला. एवढ्यानं अंगावर काटा येतो बघा.

एक गोष्ट चुकली. भाची आधी धावताना आणि दहा सेकंदांनी रांगताना दिसली, तेव्हा आई म्हणाली, "हे काय, पोरगी उलटी वाढायलीय?" लहान मुलांच्या क्लिपा आपसात तरी तारखेनं ठेवा. केस, दात, चालणं यातून वय लगेच कळतं.

आणि नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्लिपा फोनवर बऱ्या दिसतात, टीव्हीवर चिखल होतो. विसर्जनाची माझी तशीच होती. तपशिलात रिझोल्यूशन बघा, कमी असेल तर मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून परत मागवा. पाठवणाऱ्यानं ती डिलीट करायच्या आत.