व्युत्क्रमण म्हणजे हवेची उलथापालथ का?

प्रश्न : "हिवाळ्यात 'तापमान व्युत्क्रमणामुळे हवा बिघडली' असं बातम्यांत वाचते. पाठ्यपुस्तकात 'तापमानाची विपरीतता' असा शब्द होता. दोन्ही एकच का? आणि यात हवा उलटीपालटी होते, असं म्हटलं तर चालेल का?"

दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत. 'हवा उलटीपालटी होते' मात्र चालणार नाही, कारण घडतं ते नेमकं त्याच्या विरुद्ध.

व्युत्क्रम या शब्दात 'क्रम' आहे आणि उलटतो तो क्रमच. सूर्य हवेला थेट फारसा तापवत नाही. तो जमीन तापवतो आणि जमीन हवेला. म्हणून खालची हवा गरम आणि वर जावं तसतशी थंड, हा नेहमीचा क्रम. तो सरासरीने किलोमीटरमागे साडेसहा अंशांचा असतो. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, झपाट्याने निवते आणि तिला टेकलेली हवाही निवते. शे-दोनशे मीटर वरची हवा मात्र अजून ऊबदार असते. खाली थंड, वर उबदार, असा हा क्रम उलटा लागतो. हवा स्वतः जागची हलत नाही.

आता धुराकडे पाहू. वर चढणारी कोरडी हवा प्रसरण पावते आणि दर शंभर मीटरला साधारण एक अंश थंड होते. समजा, पहाटे जमिनीलगत १२ अंश आहेत आणि वर दर शंभर मीटरला तापमान दोन अंशांनी वाढतं आहे. जमिनीवरून १५ अंशांचा धूर निघाला. भोवतालापेक्षा तो गरम, म्हणजे हलका, म्हणून चढू लागला. शंभर मीटरवर पोचेपर्यंत तो १४ अंशांवर आला, आणि तिथली हवाही १४ अंशांचीच. चढण्याचं बळ संपलं! आणखी वर गेला तर तो भोवतालापेक्षा थंड ठरतो आणि परत खाली येतो. नेहमीच्या क्रमात हाच धूर कितीतरी उंच गेला असता. अशा पहाटे धूर थोडा चढून मग चादरीसारखा आडवा पसरताना दिसतो. डोळ्यांनी ओळखायची ही उत्तम खूण.

खरी उलथापालथ दुपारी असते. तापलेली हवा वर, वरची खाली, असं घुसळण चालू असतं आणि मळ दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत वाटला जातो. रात्री ते घुसळण थांबतं. तोच मळ दीड किलोमीटरऐवजी दीडशे मीटरांत मावला, तर धूर एक कणही जास्त न सोडता त्याचं प्रमाण दहापट होतं. म्हणून 'उलथापालथ' हा शब्द इथे मला खटकतो. वाचणाऱ्याला तो अगदी उलट चित्र दाखवतो.

'विपरीतता' व्याकरणाने निर्दोष आहे, पण मराठी कानाला 'काहीतरी विपरीत घडलं' म्हणजे अघटित, अशुभ असं ऐकू येतं. प्रत्यक्षात निरभ्र, वारा पडलेल्या जवळजवळ प्रत्येक रात्री हे कमीअधिक घडतंच, उन्हाळ्यातसुद्धा. हिवाळ्यात रात्र मोठी, म्हणून थर जाड होतो, आणि सकाळचं ऊन तिरपं, म्हणून तो उशिरा मोडतो. ढग किंवा वारा असला तर थर नीट जमतच नाही. 'थंड हवा जड म्हणून धूळ खाली बसते' हे नेहमीचं वाक्यही अर्धवटच. सूक्ष्म कण खाली बसत नाहीत. त्यांना वर जायची वाट नसते, म्हणून ते तरंगत राहतात.

कधी ऊन आलं तरी थर मोडत नाही. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत तसं झालं. कोळशाचा धूर आणि धुकं मिळून इतकं दाट धुरकं साचलं की ऊन जमिनीपर्यंत पोचेना. जमीन तापेना आणि घुसळण सुरू होईना. त्यात हजारो माणसं दगावली.

माझी पसंती 'व्युत्क्रमण'ला, उच्चाराला जड असूनही. अर्थाने 'व्युत्क्रम' अधिक नेमका, कारण ही स्थिती आहे, क्रिया नव्हे. पण 'व्युत्क्रमण' आता रुळला आहे. बातमीत मात्र तो एकटा सोडू नये. 'वरच्या उबदार थरामुळे धूर जमिनीलगत अडकला' असं लिहिलं की बोजड शब्द न वापरताही काम होतं.

आणि 'थर फुटला' असं वाचलंत, तर हवा लगेच निवळली असं समजू नका. तो खालून हळूहळू मोडतो. उंच धुराड्यांचा जो धूर रात्रभर वर तरंगत होता, तो नव्या घुसळणीत सापडून जमिनीवर उतरतो. त्यामुळे सूर्योदयानंतर काही काळ हवा पहाटेपेक्षाही वाईट असू शकते.