जांभळी साडी, हिरवा काठ आणि मॅचिंगचा सेट

«नणंदेच्या लग्नात जांभळी रेशमी साडी नेसणार आहे. हिरवा काठ, सोनेरी जर, हिरवं ब्लाउज. जांभळ्या बांगड्यांचा सेट, खड्यांची कंगनं, गजरा, मोत्यांच्या पिना आणि खड्यांचा जुडापिन असं सगळं आणलंय. एकत्र घातलं की दुकान मांडल्यासारखं दिसतं. काय ठेवू, काय काढू?»

सगळ्यात आधी जांभळा सेट बाजूला ठेवा. मी काही स्टायलिस्ट नाही, घरातल्या लग्नांमध्ये बायकांना तयार करून जे कळलं तेवढंच सांगते.

हात खाली सोडून उभ्या राहिलात की बांगड्या निऱ्यांवर येतात, म्हणजे जांभळ्यावर जांभळ्या. रंग तंतोतंत जुळला तर त्या दिसतच नाहीत. आणि थोडासा जरी हुकला, तर साडी जुनी आणि बांगड्या भडक दिसतात. जवळजवळ जुळलेला रंग हा सरळ वेगळ्या रंगापेक्षा वाईट. म्हणून बांगडी साडीच्या अंगाच्या रंगाची नाही, काठाच्या रंगाची घ्यायची. तुमच्याकडे हिरवा काठ आहे, वर ब्लाउजही हिरवं, म्हणजे काम सोपं आहे.

या जांभळ्याने मला फार मनस्ताप दिलाय. नाव घेत नाही, पण एका मॅचिंगच्या दुकानात पिवळ्या दिव्याखाली पदराला बांगडी लावून दाखवली, अगदी एकजीव वाटली. दारापाशी उजेडात नेऊन बघू का विचारलं तर म्हणे, माल काउंटरबाहेर नेता येत नाही. घरी खिडकीत धरली तर साडी निळसर आणि बांगडी चक्क गुलाबी. परत न्यायला गेले तर दोरा तोडलाय म्हणून बदलून दिली नाही. दोरा न तोडता हातात घालून बघणार कशी? आमची कार्याची सकाळ दुसऱ्या बांगड्या शोधण्यात गेली. दोन रंग एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटतात, हे त्या माणसाला नक्की माहीत असणार. जो दुकानदार उजेडात बघू देत नाही त्याच्याकडून रंगीत बांगडी घेऊच नका. काचेची असेल तर एक सुटी धरून ठरवू नका, पाचसहा एकत्र धरा. पारदर्शक काच एकावर एक आली की रंग बराच गडद होतो.

आता तुमचे हात. प्रत्येक हातात सहा ते आठ बारीक हिरव्या काचेच्या, त्यांच्या दोन्ही टोकांना एकेक सोन्याची पाटली किंवा साधी सोनेरी बांगडी. बस. जर सोनेरी आहे, तेव्हा धातूही सोनेरीच. ब्लाउजची बाही आणि पहिली बांगडी यांच्यामध्ये मोकळा हात दिसायला हवा. बाही कोपरापर्यंत असेल आणि बांगड्या अर्ध्या हातापर्यंत चढवल्या, तर काठ, जर, काच सगळं एकाला एक लागतं आणि गर्दी तिथेच होते. कंगनं घालायचीच असतील तर पाटल्या काढून त्यांच्या जागी घाला, पाटल्यांच्या जोडीला नको.

केसांत गजरा ठेवा, मोत्यांच्या पिना काढा. मोगऱ्याच्या पांढऱ्या कळ्या आणि पांढरे मोती लांबून एकच दिसतात, जवळून मात्र खोटं-खरं शेजारी आल्यासारखं वाटतं. जुडापिनही नको. अंबाड्याभोवती गजरा फिरवल्यावर मध्यभागी जी जागा उरते ती मोकळीच छान दिसते. फारच सुनं वाटलं तर एक छोटं सोनेरी फूल, तेही खड्यांशिवाय. गजरा यू-पिनांनी अंबाड्याच्या कडेला धरून बसवा. नुसत्या काळ्या आकड्यांवर तो तासाभरात घसरतो. फोटोत हात कानामागे गेला की बांगडी आणि अंबाडा एकाच चौकटीत येतात, म्हणून दोन्हीकडे खडे नकोत. माझं मत जरा कडक आहे. काहींना भरगच्चच आवडतं, आणि नवरीचं तर गणितच वेगळं.

कुर्त्याला यातलं बरंचसं लागू नाही. लांब बाहीखाली बांगड्यांचा ढीग होतो आणि कापड फुगतं. तिथे एका हातात एक कडं, दुसरा मोकळा किंवा घड्याळ. गळ्यावर भरतकाम असेल तर केसांना साधा क्लचर पुरे.

बांगडीचं माप विचारताना एक लक्षात ठेवा. २.४ म्हणजे दशांश नव्हे, २ इंच आणि त्यावर सोळापैकी ४ भाग, म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच. २.६ त्याहून फक्त २ सोळांश मोठी. काच घ्यायची तर घट्ट माप घेऊ नका, लग्नाच्या दिवशी हात थोडे सुजू शकतात.

आणि कंगनं ठेवलीत तर आदल्या दिवशी त्यांच्या आतून-बाहेरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे खड्याची नखी उचललेली आहे, आणि तीच पदराचा रेशमी धागा ओढते. असं कंगन दुरुस्त करून आणा, नाहीतर घरीच राहू द्या.