ग्रुप, ब्रॉडकास्ट की चॅनल: कुठल्या सूचनेला काय बरं पडतं

"माझी बालवाडी आहे, ९० पालक. मिस्टरांचं साड्यांचं दुकान आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना द्यायला ग्रुप करू, ब्रॉडकास्ट लिस्ट करू की चॅनल? फरकच कळत नाही."

ताई, बालवाडीला ग्रुप, दुकानाला ब्रॉडकास्ट. चॅनल दोघांनाही नंतर बघा.

आधी ब्रॉडकास्टची गोम सांगतो, कारण तिथेच माझी फजिती झालीये. तुमचा नंबर ज्यांनी फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, बाकीच्यांना काहीच जात नाही आणि तुम्हालाही कुणी सांगत नाही. मी एका शाळेच्या सूचना बघायचो. जुलैत एकदा रात्री पावसाची सुट्टी ब्रॉडकास्टवर टाकली आणि निवांत झोपलो, तर सकाळी अकरा पोरं दप्तर घेऊन गेटवर हजर, आणि एक आजोबा तर थेट माझ्यावरच तापले! नंतर मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडली, तर डिलिव्हर्डच्या यादीत हीच नावं नव्हती. तेव्हा कुणाला पोचलं नाही ते तिथे बघा. एका लिस्टमध्ये २५६ च नंबर बसतात हेही लक्षात असू द्या.

म्हणून बालवाडीला ग्रुपच. सेव्ह करायची भानगड नाही, कुणी वाचलं ते कळतं. फक्त पहिल्याच दिवशी ग्रुपच्या Group permissions मध्ये जाऊन सदस्यांचं Send new messages बंद करा, नाहीतर "उद्या डबा द्यायचा का" वर चाळीस उत्तरं आणि मध्येच शुभ सकाळचं फूल. तोटा एकच, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. काही आयांना ते नको असतं, आधी विचारून घ्या.

दुकानाचं उलटं आहे. गिऱ्हाइकांना एकमेकांचे नंबर दिसले तर उद्या शेजारचा दुकानदार त्यात शिरून सगळी यादी उचलेल. ब्रॉडकास्टचा मेसेज प्रत्येकीला स्वतंत्र चॅटसारखा जातो, "ही पैठणी जांभळ्यात आहे का" हा रिप्लाय फक्त तुमच्याकडे येतो, आणि तिथूनच विक्री होते. नंबर सेव्ह करून घ्यायचा उपाय सोपा आहे, बिल करतानाच गल्ल्यावर म्हणायचं, "वहिनी, नंबर सेव्ह करा, नवीन माल आला की फोटो टाकतो." पण रोज दहा फोटो टाकू नका, लोक ब्लॉक करतात.

चॅनल भारतात सप्टेंबर २०२३ ला आलं. नंबर कुणालाच दिसत नाहीत, किती का फॉलोअर असेनात, पण ते चॅटमध्ये न दिसता अपडेट्सच्या टॅबमध्ये पडतं आणि नोटिफिकेशन आधीपासून म्यूट असतं. त्यामुळे सुट्टीची सूचना तिथे टाकली तर संध्याकाळी वाचतील. गिऱ्हाईक तिथे उत्तरही देऊ शकत नाही, फार तर इमोजी. दुकानाचे हजारभर फॉलोअर होतील असं वाटलं तर सेलच्या जाहिरातीला ठीक. पोरांचे फोटो मात्र तिथे चुकूनही नको, चॅनल कुणीही फॉलो करू शकतं.