धारणाधिकार म्हणजे जप्ती का?

प्रश्न: मामांनी एका छोट्या प्रायव्हेट कंपनीतले शेअर मावसभावाला विकायला काढले तर कंपनीचं पत्र आलं, 'सदर अंशतः भरणा झालेल्या भागांवर कंपनीचा धारणाधिकार असल्याने हस्तांतरण नोंदवता येत नाही.' म्हणजे शेअर जप्त झाले का? सर्टिफिकेटं तर मामांच्याच कपाटात आहेत, मग कंपनीने 'धारण' काय केलंय?

नाही, जप्त नाही झालेत. शेअर मामांचेच आहेत, फक्त त्यांच्यावर कंपनीच्या पैशांचा बोजा आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढतो ना, जमीन तुमची, कसताय तुम्ही, पण विकायला गेलात की आधी तो उतरवून या, तसंच हे.

शब्दाने घोळ होतो हे खरंय. लिएनला मराठीत धारणाधिकार हा शब्द रूढ आहे, सरकारी नोकरीत तर रोजचा, मूळ पदावरचा धारणाधिकार वगैरे. आणि करार कायद्यातला लिएन खरंच धरून ठेवण्याचा असतो, घड्याळजी दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत घड्याळ देत नाही तो. पण कंपनीच्या लिएनला हातात काहीच धरावं लागत नाही, सर्टिफिकेट कपाटात असो नाहीतर बँकेकडे, तो कंपनीच्या आर्टिकल्समधून, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीतून येतो आणि रजिस्टरवर ज्याचं नाव आहे त्याच्या शेअरला चिकटतो. मला विचाराल तर इथे 'बोजा' शब्द जास्त नीट बसतो, पण पत्रात कुणी लिहिणार नाही.

आता तो कशासाठी आहे ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याला जोडलेली नमुना आर्टिकल्स आहेत, टेबल एफ म्हणतात, बऱ्याच छोट्या कंपन्या तीच जशीच्या तशी घेतात. त्यात लिएन दोन प्रकारचा आहे. एक, त्या त्या शेअरवर मागितलेले किंवा ठरल्या तारखेला द्यायचे पैसे. दोन, त्या माणसाकडून कंपनीला आत्ता येणं असलेले कुठलेही पैसे, अगदी मालाची उधारीसुद्धा. पण दोन्हीकडे अट एकच, शेअर पूर्ण भरणा झालेला नसावा.

आकडे धरून बोलू, आकडे माझे हां. समजा मामांकडे १० रुपये दर्शनी किमतीचे १,००० शेअर आहेत, ६ रुपये भरलेत, मग कंपनीने आणखी २ रुपयांचा कॉल काढला, म्हणजे शेअरमागे तेवढे भरा अशी मागणी केली, तो मामांनी भरला नाही, उरलेले २ रुपये कंपनीने अजून मागितलेलेच नाहीत. शिवाय मामांनी कंपनीकडून १५,००० चा माल उधार नेलाय आणि मुदत टळलीय. तर कॉलचे २,००० आणि उधारीचे १५,००० मिळून १७,००० चा बोजा. न मागितलेल्या २ रुपयांवर मात्र लिएन नाही, ती नुसती पुढची जबाबदारी, जो शेअर घेईल त्याच्यावर जाणारी. आणि जर कंपनीने पूर्ण ४ रुपये घेऊन शेअर पूर्ण भरणा झालेले केले तर टेबल एफप्रमाणे उधारीचा लिएनसुद्धा उडतो! म्हणूनच हुशार बोर्ड अशा वेळी न मागितलेले पैसे आगाऊ घ्यायला राजी होत नाही, आणि घ्यायलाच पाहिजेत असं बंधनही नाही. अर्थात आर्टिकल्समध्ये ती 'पूर्ण भरणा नसलेले' ही अट काढून टाकलेली असेल तर पूर्ण भरलेल्या शेअरवरही लिएन लागतो, अनलिस्टेड कंपन्यांत असं केलेलं सापडतं, त्यामुळे मामांच्या कंपनीची आर्टिकल्स आधी काढून वाचा. पब्लिक डॉक्युमेंट आहे, कंपनी मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवर फी भरून मिळतं.

जप्ती वेगळी. कॉल थकला तर आर्टिकल्सप्रमाणे नोटीस देऊन कंपनी शेअरच काढून घेऊ शकते, मग भरलेले ६ रुपयेही गेले. पण टेबल एफप्रमाणे जप्ती कॉलच्या किंवा शेअरवरच्या हप्त्याच्या थकबाकीसाठीच, मालाच्या उधारीसाठी नाही. लिएनमध्ये कंपनी शेअर विकते, तेही पैसे आत्ता देय असतील तर आणि लेखी नोटीस देऊन १४ दिवस उलटल्यावरच. समजा ८०० शेअर २५ रुपयांनी विकले, २०,००० आले, १७,००० कंपनीने वळते केले, उरलेले ३,००० मामांना परत द्यावेच लागतात. फरक इथे आहे.

हस्तांतरणाचं म्हणाल तर पत्रात कदाचित दोन कारणं एकात कालवलीयत. टेबल एफमध्ये बोर्डाला नोंदणी नाकारायच्या दोन वाटा आहेत, एक म्हणजे शेअरवर लिएन आहे, दुसरी म्हणजे शेअर अंशतः भरलेला आहे आणि घेणारा माणूस बोर्डाला पसंत नाही. दुसरीचं कारण साधं आहे, उरलेले २ रुपये उद्या नव्या माणसाकडून वसूल करायचेत, तो फाटका निघाला तर कंपनी बुडीत. आणि हे देणं घेणाऱ्यावर जातं म्हणून कायद्यात कलम ५६ मध्ये असंही आहे की अंशतः भरलेल्या शेअरचा अर्ज एकट्या विकणाऱ्याने केला तर कंपनीने घेणाऱ्याला एसएच-५ फॉर्ममध्ये नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून दोन आठवड्यांत त्याने हरकत घेतली नाही तरच नोंद करायची. नाहीतर कुणीही आपली देणी दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळा होईल.

लिस्टेड कंपनीत हा त्रास दिसत नाही. २०२० च्या रिलायन्सच्या राइट्स इश्यूमध्ये १,२५७ पैकी अर्जाच्या वेळी फक्त ३१४.२५ भरायचे होते, आणि ते अंशतः भरलेले शेअर `RELIANCEPP` या नावाने बाजारात विकले-घेतले जात होते, कोणी बोर्डाची परवानगी मागत नव्हतं. पुढचा कॉल रेकॉर्ड डेटला ज्याच्या डीमॅटमध्ये शेअर होते त्याला. लिस्टिंगसाठी आर्टिकल्समध्येच लिहावं लागतं की पूर्ण भरलेले शेअर लिएनमुक्त आणि अंशतः भरलेल्यांवर लिएन फक्त त्या शेअरच्या मागितलेल्या किंवा ठरल्या तारखेच्या पैशांपुरता. मालाची उधारी तिथे आणताच येत नाही.

तर मामांना सांगा, कंपनीला आधी लेखी विचारा की लिएन नेमका किती रकमेचा आणि कशाचा, कॉलचा की उधारीचा. रक्कम भरून लिएन उतरल्याचं पत्र घ्या. मग भावाबद्दलही आक्षेप असेल तर तो वेगळा लिहून द्यायला लावा. नकार पटला नाही तर अपील एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, पण ते भावाने करायचं, घेणारा तो आहे, आणि प्रायव्हेट कंपनी असेल तर नकाराची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत. पत्राच्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का फेकू नका.