26AS चा स्क्रीनशॉट आणि 16A ची बेरीज जुळत नाही, तेव्हा

प्रश्न: माझ्याकडे क्लायंटांनी दिलेले फॉर्म 16A आहेत, म्हणजे पैसे देताना त्यांनी कापलेल्या कराची, टीडीएसची, सर्टिफिकेटं, आणि 26AS चा, म्हणजे माझ्या पॅनवर जमा दिसणाऱ्या टीडीएसच्या सरकारी यादीचा, मोबाइलवर काढलेला स्क्रीनशॉट आहे. बेरीज केली तर 26AS मध्ये थोडे पैसे कमी दिसतात. नेमकं कुठलं क्रेडिट मिसिंग आहे ते कसं शोधायचं?

उत्तर:

आधी एक गोष्ट पक्की करा. जो फरक येतोय तीच मिसिंग रक्कम आहे असं धरून शोधायला बसू नका. मी सीएच्या ऑफिसात रिटर्नचंच काम करते आणि दर जुलैत कोणीतरी येऊन सांगतं की मॅडम फक्त एवढ्याचाच फरक आहे. आणि खोलून बघितलं की आकडा वेगळाच निघतो.

२०२४-२५ च्या रिटर्नच्या वेळची केस सांगते, म्हणजे कळेल. एक फ्रीलान्स डिझायनर मुलगी. एक कंपनी तिला दर महिन्याला ४५,००० देणार, त्यातून १० टक्के म्हणजे ४,५०० कापणार, कंपनीचे चार तिमाहींचे चार 16A, मिळून ५४,०००. एका इन्स्टिट्यूटमध्ये ती वर्कशॉप घेते, त्यांचे दोन 16A, मिळून १४,०००. एकूण ६८,०००. स्क्रीनशॉटवरची बेरीज ६३,५००. फरक बरोबर ४,५००, म्हणजे कंपनीचा एका महिन्याचा टीडीएस! ती बिचारी दोन दिवस तो एक महिना शोधत होती.

तो सापडणारच नव्हता, कारण स्क्रीनशॉटमध्ये तिसरी एक ओळ होती, बँकेची. एफडीच्या व्याजावर, सेक्शन 194A खाली, ४,५०० कापलेले. बँकेचा 16A तिने डाउनलोडच केला नव्हता, म्हणून तो ६८,००० मध्ये नव्हता पण ६३,५०० मध्ये होता. तो बाजूला काढला की कंपनी आणि इन्स्टिट्यूटचे मिळून 26AS मध्ये फक्त ५९,००० उरतात. म्हणजे मिसिंग ९,०००, एक नाही तर दोन महिने. बेरजेला बेरीज लावली की एकीकडचं कमी आणि दुसरीकडचं जास्त एकमेकांत मिटून जातं, म्हणून एकूण बेरीज शेवटी बघायची, आधी नाही.

आता स्क्रीनशॉटबद्दल. 26AS उघडल्यावर आधी जे दिसतं ती नुसती सारांशाची ओळ असते, कापणाऱ्याचं नाव, टॅन म्हणजे त्याचा टीडीएसचा नंबर, एकूण रक्कम, एकूण कापलेला कर आणि एकूण जमा केलेला कर. महिन्यांच्या ओळी त्याच्या आत असतात, त्या खोलून बघाव्या लागतात. लोक स्क्रीनशॉट काढतात तो या बंद अवस्थेतला, आणि वरची पट्टी क्रॉप झालेली, त्यामुळे तो कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या तारखेपर्यंत अपडेट झालेला तेही कळत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जानेवारी ते मार्चचं टीडीएस रिटर्न कापणाऱ्याने भरायची मुदतच ३१ मे असते. मे महिन्यात काढलेल्या स्क्रीनशॉटवर शेवटची तिमाही नसली तर ते मिसिंग नाही, ते अजून आलेलंच नाही. तर तो स्क्रीनशॉट बाजूला ठेवा, आयकर पोर्टलवरून ट्रेसेस या टीडीएसच्या सरकारी साइटवर जाऊन 26AS आता परत उघडा, ओळी सगळ्या दिसतील अशी पीडीएफ काढून घ्या. अगदीच स्क्रीनशॉटवरून टाइप करायची वेळ आली तर टॅन नीट वाचा, पहिली चार अक्षरं, मग पाच आकडे, मग एक अक्षर, त्यामुळे शून्य आहे की ओ आहे हा प्रश्न जागेवरूनच सुटतो.

जुळवायचं ते टॅन आणि तिमाही यावर. नावावर नको. ज्या नावाने तुम्ही बिल देता ते नाव आणि टॅन ज्या नावावर आहे ते नाव वेगळं असू शकतं, आणि एकाच कंपनीच्या दोन शाखांचे दोन टॅनही असतात. एका कागदावर प्रत्येक टॅनला चार चौकोन करा आणि प्रत्येक चौकोनात वर 16A चा आकडा, खाली 26AS चा. तिमाही ठरवताना 26AS मधली `Transaction Date` बघायची, `Date of Booking` नाही, इथे खूप जण चुकतात. बुकिंगची तारीख म्हणजे ती नोंद सिस्टममध्ये कधी चढली ती, ती पैसे दिल्याच्या कितीतरी महिन्यांनंतरची असू शकते. आणि आकडा घ्यायचा तो शेवटच्या कॉलमचा, `TDS Deposited` चा. कापलेला आणि जमा केलेला यात फरक असेल तर क्रेडिट जमा केलेल्याचंच मिळतं.

त्या मुलीच्या केसमध्ये असं केल्यावर दहा मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. इन्स्टिट्यूटचे दोन्ही चौकोन बरोबर. कंपनीचे पहिला, दुसरा आणि चौथा बरोबर, प्रत्येकी १३,५००. तिसऱ्यात वर १३,५०० आणि खाली ४,५००. म्हणजे ऑक्टोबर आहे, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या ओळीच नाहीत.

मग मी तिसऱ्या तिमाहीचा 16A हातात घेतला आणि बाकीच्या तिघांशेजारी ठेवला. बाकीच्या तिघांवर वरती सर्टिफिकेट नंबर होता, लास्ट अपडेटेड ची तारीख होती, आत टीडीएस रिटर्नचा पावती नंबर होता. या तिसऱ्या तिमाहीच्या 16A वर यातलं काहीच नव्हतं, कोणीतरी एक्सेलमध्ये तसाच दिसणारा कागद बनवून सही-शिक्का मारून दिला होता. १ एप्रिल २०१२ नंतरच्या कपातीसाठी 16A सिस्टममधूनच डाउनलोड करून द्यायला लागतो, हाताने बनवलेला चालत नाही. कारण सिस्टममधला 16A कापणाऱ्याने रिटर्नमध्ये जे भरलंय त्यातूनच तयार होतो, तर हाताने बनवलेला त्याने जे भरलंय असं त्याला वाटतं त्यातून. सर्टिफिकेट नंबर नसलेला 16A दिसला की तिथेच थांबा, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.

पण कंपनीला फोन करायच्या आधी अजून एक तपासा, आणि हे कोणी सांगत नाही. बँक स्टेटमेंट उघडा. त्या महिन्यात तुमच्या खात्यात किती आले? तिच्या खात्यात नोव्हेंबर आणि डिसेंबर दोन्हींचे ४०,५०० आले होते, म्हणजे ४,५०० खरोखर कापले होते. पूर्ण ४५,००० आले असते तर कापायलाच विसरले होते असा अर्थ झाला असता आणि मग मिसिंग असं काही नाहीच, तो कर तुमचा तुम्हाला भरायचा. तुम्ही जीएसटी लावत असाल तर खात्यात आलेल्या रकमेतून तो आधी वजा करा, कारण बिलात वेगळा दाखवलेल्या जीएसटीवर टीडीएस कापत नाहीत आणि 26AS मध्ये रक्कम जीएसटीशिवायची असते.

कंपनीच्या अकाउंटंटला मी गोल गोल काही लिहिलं नाही. टॅन, तिसरी तिमाही, फॉर्म 26Q म्हणजे त्यांचं तिमाही टीडीएस रिटर्न, पॅन, दोन महिन्यांच्या रकमा, बँकेत आलेले ४०,५०० आणि "या दोन ओळी 26AS मध्ये नाहीत, रिटर्नमध्ये कुठल्या पॅनवर गेल्या आहेत ते बघा" एवढंच. त्यांनी बघितलं तर नोव्हेंबरपासून पॅनमधला एक आकडा चुकला होता, आणि दुर्दैवाने तो चुकीचा पॅनही कोणाचातरी खराखुरा पॅन होता. पॅन अस्तित्वातच नसता तर वीस टक्क्यांनी का नाही कापलं म्हणून कंपनीलाच डिफॉल्टची नोटीस आली असती आणि चूक तेव्हाच कळली असती. खऱ्या पॅनवर गेलं की सिस्टमला सगळं व्यवस्थितच वाटतं, पैसे शांतपणे तिसऱ्याच माणसाच्या 26AS मध्ये जाऊन बसतात. म्हणून हे तुम्हीच शोधायचं असतं, तुमच्याशिवाय कोणाला कळायला मार्ग नाही.

कंपनीने तिसऱ्या तिमाहीचं करेक्शन स्टेटमेंट भरलं, ते प्रोसेस झाल्यावर दोन्ही ओळी आल्या, `Transaction Date` नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ आणि बुकिंगची तारीख अगदी ताजी. मग नवा 16A मागून घेतला, यावेळी नंबरवाला.

तुमच्याकडे ओळ दिसतेय पण क्रेडिट नाही असं असेल तर स्टेटसचं अक्षर बघा. `F` असेल तर झालं काम. `U` असेल तर कर भरलाच नाही किंवा रिटर्नमध्ये चलनाचा तपशील चुकलाय, त्यांना चलन दुरुस्त करायला सांगा, पॅनचा विषय काढू नका. आणि एखादी ओळ उणे चिन्हाने आली असेल तर आधीची नोंद करेक्शनमध्ये उलटवली आहे, तिच्या जागी नवी ओळ आलीय का ते शोधा. नसेल तर तेच तुमचं मिसिंग.

मार्चच्या बिलाचं मात्र वेगळं असतं. तुम्ही ते मार्चमध्ये धरलं आणि त्यांनी एप्रिलमध्ये धरून कापलं तर ते पुढच्या वर्षीच्या 26AS मध्ये असतं, तिथे आधी बघा आणि मगच तक्रार करा. क्रेडिट ज्या वर्षी उत्पन्न दाखवता त्या वर्षी मिळतं, हे लक्षात असू द्या.

आणि मुदत संपत आली तरी कंपनी हलत नसेल तर? उत्पन्न पूर्ण दाखवा, टीडीएस नाही दिसत म्हणून ते दोन महिने वगळू नका. टीडीएसचा क्लेमही त्या टॅनखाली पूर्ण टाका. 26AS मध्ये नसल्यामुळे रिटर्न प्रोसेस झाल्यावर येणाऱ्या 143(1) च्या इंटिमेशनमध्ये तो कापून डिमांड येण्याची शक्यता आहे, पण कलम २०५ प्रमाणे पैसे तुमच्याकडून एकदा कापले गेले असतील तर तेवढ्या कराची वसुली तुमच्याकडून करता येत नाही. डिमांडला असहमत म्हणून उत्तर द्या, बँक स्टेटमेंट आणि कंपनीशी झालेले मेल जपून ठेवा, आणि ओळी 26AS मध्ये आल्या की पोर्टलवर रेक्टिफिकेशनमध्ये रिटर्न रीप्रोसेस करायला टाका.

त्या मुलीला याची गरज पडली नाही, ओळी वेळेत आल्या. शेवटी बँकेचा 16A पण डाउनलोड करून घेतला आणि परत बेरीज केली, दोन्हीकडे ७२,५००.